उघडा पडलेला \n

संदेशात नवीन ओळ सुरू व्हायला हवी तिथे `\n` ही दोन चिन्हे जशीच्या तशी दिसणे. माणूस ओळ बदलताना एंटर दाबतो आणि मजकुरात १० क्रमांकाचे न दिसणारे चिन्ह पडते. प्रोग्रामच्या कोडमध्ये तेच चिन्ह उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, आणि n असे लिहितात. वाचकापर्यंत जाण्याआधी त्याची पुन्हा ओळ व्हायला हवी. ती झाली नाही, की मजकूर यंत्रातून आल्याचे उघड होते.

पुण्यात कोथरूडच्या एका सोसायटीत सभासदांना मोबाइलवर असा संदेश आला:

```
प्रिय सभासद,\nगुरुवारी पाणी बंद राहील.\nटाक्या भरून ठेवा.
```

एका आजोबांनी लगेच विचारले, "आपल्याकडे एन विंग कधी झाली?"

चूक कुठे झाली हे संदेशावरूनच बऱ्यापैकी ओळखता येते. प्रोग्राम एकमेकांना मजकूर देताना तो बहुधा JSON पद्धतीने बांधतात: दोन्ही टोकांना अवतरणचिन्हे लावतात आणि नव्या ओळीचे `\n` करतात. घेणारा प्रोग्राम हे गाठोडे सोडतो. पण मजकूर चुकून दोनदा बांधला आणि एकदाच सोडला, तर `\n` उरतो आणि सोबत टोकांची अवतरणचिन्हेही उरतात. शिवाय पायथनमध्ये सेटिंग न बदलता बांधले असेल, तर देवनागरीचाही पार चुरा होतो. 'पुणे' असे दिसते:

```
\u092a\u0941\u0923\u0947
```

जावास्क्रिप्टच्या `JSON.stringify` मध्ये मात्र मराठी अक्षरे शाबूत राहतात. जितक्या जास्त वेळा बांधावे तितक्या n मागच्या तिरक्या रेघा दुप्पट होतात: एक, दोन, चार.

सोसायटीच्या संदेशात अवतरणचिन्हे नव्हती, मराठीही धड होती. म्हणजे दोनदा बांधल्याचा संशय फिटला. `\n` मुळातच मजकुरात असणार. आणि तसेच निघाले. ऑफिसातल्या क्लार्कला कोणीतरी सांगून ठेवले होते, "ओळ तोडायची असेल तर \n टाका." त्याने एक्सेलच्या रकान्यात इमानेइतबारे तेच टाइप केले. एक्सेलला ती फक्त दोन अक्षरे वाटली, पाठवणाऱ्या प्रोग्रामनेही ती तशीच जपली. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये रकान्यातच ओळ तोडायची तर ऑल्ट धरून एंटर दाबावे लागते. त्याने ते केल्यावर पुढच्या गुरुवारची सूचना सरळ आली.

म्हणून या खुणेवरून फार पुढचा निष्कर्ष काढू नये. मजकूर प्रोग्राममधून गेला एवढे ती सांगते, तो रचला कोणी हे नाही. इथे तर शब्द माणसाचे होतेच, `\n` सुद्धा माणसानेच टाइप केला होता. प्रोग्रामर मंडळी आपसांतल्या गप्पांत तो मुद्दाम लिहितात, आणि `C:\new` सारख्या फोल्डरच्या पत्त्यात तर तो ओळीचा नसतोच.

उलट, `\n` दिसला नाही म्हणून संदेश हाताने लिहिला असेही ठरत नाही. बँकेचा ओटीपी प्रोग्रामच पाठवतो, तरी त्यात `\n` सहसा दिसत नाही.