जिनिंग कंपनीचे शेअर घेताय? करारात कोणती गोष्ट कुठे लिहायची ते आधी बघा

आपल्या भागात जिनिंग-प्रेसिंग किंवा दाल मिल बऱ्याचदा एकाच घरातल्या चार-पाच जणांची प्रायव्हेट लिमिटेड असते, पोरं पुण्याला सेटल झाली की विकायला निघते. तुम्ही शेअर घेता तेव्हा नुसती मशिनरी घेत नाही, अख्खी कंपनी घेता, तिच्या जुन्या देण्यांसकट, नोटिसांसकट. म्हणून शेअर खरेदी करारात सीपी म्हणजे पैसे द्यायच्या आधी पूर्ण व्हायच्या अटी, वॉरंटी आणि इन्डेम्निटी हे तीन भाग वेगवेगळे समजून घ्या.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचं सांगतो, कागद मी स्वतः पाहिलेत. 100 टक्के शेअर, भाव 4 कोटी. विकणारे काकाजी म्हणत होते, "अरे बापा, तुह्यापासून काय लपवू, टेन्शन नोको घेऊ." माणूस खरंच सरळ होता, पण गोदाम ज्या एक एकरावर उभं होतं त्याचा सातबारा अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. शेअर ट्रान्सफर झाले म्हणून ही जमीन तुमच्याकडे येत नाही, कारण ती कंपनीची नाहीच. वॉरंटी लिहून घेतली तरी उद्या एखादी आत्या हिस्सा मागायला आली की कोर्टात जावं लागेल, म्हणून अशी गोष्ट सीपीमध्येच टाकायची: वारसांचा फेरफार, सगळ्या वारसांच्या सहीचं कंपनीच्या नावाने रजिस्टर खरेदीखत, आणि मगच पैसे. इथे एनए आधीच झालेलं होतं. जमीन शेतीचीच असती तर कंपनीला सरळ घेता आली नसती, विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळकायदा आहे तो आडवा येतो. दुसरी अट बँकेची एनओसी, कारण सीसी लिमिट म्हणजे बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज असलं की मालक बदलायला बहुतेक बँकांची परवानगी लागते. सीपीला शेवटची तारीख पाहिजेच, इथे 90 दिवस ठेवले, नाही झालं तर इसार परत, आणि अट माफ करायचा हक्क फक्त घेणाऱ्याला, तोही लेखी.

वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याने दिलेलं विधान, जसं की बॅलन्सशीटमध्ये दाखवलंय त्याच्यापेक्षा जास्त देणं नाही, पीएफ भरलेला आहे. खोटं निघालं तर कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 73 खाली नुकसानभरपाई मिळते, पण नुकसान किती झालं हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. आणि विकणारा सोबत एक डिस्क्लोजर लेटर देतो, त्यात जे सांगितलं त्याबद्दल नंतर वॉरंटी मोडली म्हणता येत नाही, असंच करारात लिहिलेलं असतं. आमच्या केसमध्ये ते लेटर सहीच्या आदल्या रात्री आलं आणि सहाव्या पानावर जीएसटीची नोटीस होती! शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर 15 नोव्हेंबर 2017 पासून रिव्हर्स चार्जने कर मिलनेच भरायचा असतो, तो एका वर्षाचा राहिला होता, मागणी 18 लाख, व्याज आणि दंड वेगळा.

आता हे माहीत झालं म्हणजे वॉरंटी इथे कामाची नाही, इन्डेम्निटीच पाहिजे, कलम 124 वाली. म्हणजे या नोटिशीतून जे काही भरावं लागेल, कर, व्याज, दंड, वकिलाची फी, ते विकणाऱ्यांनी रुपयाला रुपया द्यायचं, तुम्हाला आधी माहीत होतं की नव्हतं याचा संबंध नाही. नुकसान कंपनीला झालं तरी मिळेल असं स्पष्ट लिहा, कारण नोटीस कंपनीच्या नावावर येते, तुमच्या नाही. विकणारे पाचही भाऊबंद एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार पाहिजेत, नाहीतर प्रत्येक जण आपल्या हिश्श्यापुरता हात वर करतो. आणि वॉरंटीच्या क्लेमला असतात तशा रकमेच्या आणि मुदतीच्या मर्यादा याला लावू देऊ नका, अपील शेवटपर्यंत निकाली निघेपर्यंत ही चालू राहिली पाहिजे. इथे 4 कोटींपैकी 30 लाख एस्क्रो म्हणजे दोघांच्याही हाताबाहेरच्या, तिसऱ्याकडच्या खात्यात थांबवले, माझ्या मते तोच खरा आधार, नुसत्या सहीवर वसुली फार अवघड जाते.

विकत कोण घेऊ शकतं हे कंपनीच्या आर्टिकल्समध्ये म्हणजे तिच्या नियमावलीत बघा, बहुतेक ठिकाणी आधी घरातल्या शेअरधारकांना विचारावं लागतं, त्यांचा लेखी नकार घ्या. कागद म्हणजे सभासद रजिस्टर, मूळ शेअर सर्टिफिकेट, तीन वर्षांचे ऑडिट, जीएसटी रिटर्न, पीएफ चलन, आरओसी म्हणजे कंपनी रजिस्ट्रारकडची कर्जबोजाची यादी, सातबारा, फेरफार, एनए आदेश. शेअर कागदी असतील तर ट्रान्सफरचा एसएच-4 फॉर्म, त्यावर 0.015 टक्के स्टॅम्प, 4 कोटींवर 6,000 रुपये, आणि सहीनंतर 60 दिवसांत कंपनीकडे द्यायचा. डीमॅट असतील तर हा फॉर्म लागत नाही.

सही आणि पैसे यात इथे दोन महिने गेले, हंगाम चालू, गोदामात गाठी, आग कधीही लागू शकते. त्यामुळे वॉरंटी सहीच्या दिवशी खरी आणि पैसे द्यायच्या दिवशीही खरी, असं दोन्ही तारखांना लिहून घेतलं, आणि शेवटचा आरटीजीएस करायच्या सकाळी विम्याची चालू पॉलिसी, बँकेची एनओसी आणि नवा सातबारा टेबलावर ठेवूनच केला.