दांड्या पूर्ण, तरी पान उघडेना

“वाय-फायच्या दांड्या पूर्ण आहेत, म्हणजे घरातलं सगळं ठीक, पानं हळू उघडतात तो दोष कंपनीच्या लाइनचाच.”

दांड्या फक्त राउटरचा सिग्नल किती जोरात पोचतो एवढंच सांगतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन: १, ६ आणि ११. सोसायटीतले बरेच राउटर त्यातल्या एकावरच असले, की प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. सिग्नल खणखणीत, पण पाळीच येत नाही!

खात्री करायची तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजा, मग तिथेच बसून वाय-फायवर. केबलवरही मंद असेल तर तक्रार कंपनीकडेच करा. फक्त २.४वर मंद असेल तर बहुधा गर्दी. वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जा. तो भिंतींपुढे लवकर दमतो, म्हणून राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. एखादी दांडी कमी दिसेल, पण पान झटकन उघडेल.