बेडकाचा जबडा आणि आपला अंगठा

हिरव्या मोज्याचा बेडूक, पांढऱ्या बटणांचे डोळे, हरवलेली लाल छत्री आणि एकच वाक्य: ‘कुठे गेली माझी छत्री?’ तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दोन मिनिटांच्या व्हिडिओला एवढं पुरतं. मी पहिल्यांदा तो केला तेव्हा बेडूक बोलत नव्हता, वाक्य चावत होता.

दोष अंगठ्याचा होता. हातात बाहुली घातली की आपण नकळत वरची चार बोटं उचलतो. मग बाहुलीचं आख्खं डोकं मागे फेकलं जातं, डोळे छताकडे वळतात आणि प्रत्येक शब्दाला ती मान उडवते. स्वतःचं तोंड आरशात पाहा: बोलताना खालचा जबडा खाली येतो, कपाळ हलत नाही. म्हणून बोटं स्थिर ठेवून फक्त अंगठा खाली न्यायचा. मनगटही थोडं पुढे वाकवावं लागतं. हात सरळ वर धरला तर बेडूक कॅमेऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतो, आणि आपल्याकडे न बघणाऱ्याशी मुलं बोलत नाहीत.

दुसरी चूक तोंड मिटण्याच्या वेळेची. नवखा माणूस अक्षर उच्चारताना तोंड मिटतो. खरं तर तोंड स्वरावर उघडतं. ‘कु-ठे-गे-ली-मा-झी-छ-त्री’ ही आठ अक्षरं, म्हणून सावकाश बोलताना जबडा आठ वेळा उघडायचा. ‘मा’च्या आधी तो पूर्ण मिटलेला हवा, कारण ‘म’ ओठ मिटल्याशिवाय निघत नाही. प, फ, ब, भ यांचंही तेच. भरभर बोलायचं असेल तर सगळी अक्षरं पकडायला जाऊ नये. ‘कु’, ‘मा’ आणि ‘छ’ ठसठशीत उघडले की बाकीचं बघणाऱ्याचा मेंदू भरून घेतो.

तो असं का करतो? आवाज कुठून आला हे ठरवताना मेंदू कानापेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा टाकतो. आवाजाच्या तालावर हलणारं तोंड दिसलं की आवाज त्याच तोंडाला चिकटतो. रामदास पाध्यांच्या मांडीवरचे अर्धवटराव बोलताहेत असं वाटतं ते याच कारणाने. ही जोडणी फार लवकर सुरू होते. 1982 साली पॅट्रिशिया कूल आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी चार-साडेचार महिन्यांच्या बाळांना दोन चेहरे शेजारी दाखवले, एक ‘आ’ म्हणणारा, एक ‘ई’ म्हणणारा. जो स्वर ऐकू येत होता, त्याच्याशी जुळणाऱ्या चेहऱ्याकडे बाळं जास्त वेळ बघत राहिली. तेव्हा लहान मुलांना काय कळतंय, असं म्हणून सुटका नाही.

आता लपणं. आडव्या दोरीवर चादर टाकून मागे उशीवर गुडघे टेकून बसायचं. मागची भिंत एकरंगी आणि बाहुलीपासून तीन-चार फूट दूर, नाहीतर आपल्या हाताची सावली त्यावर नाचते. गोष्टीला लागत नाही असं दृश्यात काही नको. पण चादरीमागून बेडूक दिसत नाही, म्हणून मोबाइलचं चित्र समोरच्या पडद्यावर घेतात. इथे मी दोनदा फसलो. पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र आरशासारखं उलटं दिसत होतं, त्या सवयीने डावी-उजवी बाजू चुकली. मग वायफायवरून टीव्हीवर चित्र घेतलं, तर ते जरासं उशिरा यायचं आणि मी त्या उशिरामागे धावायचो. तारेने जोडल्यावरच ताल जमला. हातही दमतो: मिनिटभरात बेडूक कमरेपासून बुडायला लागतो. चादरीच्या कडेला तो कुठवर दिसला पाहिजे याची खूण करून अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे घेतलेले बरे.

राहिलं ते वाक्य. ते शब्दशः तेच ठेवायचं. मोठ्यांना कंटाळा येतो म्हणून आपण तिसऱ्या वेळी ‘अरेच्चा, छत्री दिसत कशी नाही?’ असं करून बसतो, आणि सोबत म्हणायला तोंड उघडलेलं मूल गप्प होतं. ‘ब्लूज क्लूज’ या अमेरिकी कार्यक्रमाचा एकच भाग मुलांना पाच वेळा दाखवून अभ्यास झाला, 1999 साली तो प्रसिद्ध झाला. पुन्हा पुन्हा पाहिल्यावर मुलांना गोष्ट अधिक कळली आणि पडद्याला उत्तरं देणं वाढलं. पहिल्या वेळी त्यांची ताकद काय चाललंय हे समजण्यातच जाते.

आमचा बेडूक टोपलीत बघतो, पाटाखाली बघतो, उशीमागे बघतो आणि दर वेळी तेच विचारतो. विचारल्यावर तोंड मिटून, नाक कॅमेऱ्याकडे करून मनातल्या मनात चार आकडे मोजेपर्यंत थांबतो. संकलन करताना ही शांतता चुकल्यासारखी वाटते आणि कापायला हात शिवशिवतात. छत्री बेडकाच्या पाठीलाच अडकलेली असते. चौथ्या वेळी तो पाठमोरा झाला, तेव्हा शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी टीव्हीच्या काचेवर बोट आपटत ओरडली, ‘तुझ्या पाठीला!’ मग टीव्हीच्या मागे जाऊन तिने बेडकाची पाठ शोधली.