‘संक्रमण’ म्हणजे मधली बैठक नव्हे

यांत्रिक ड्रॉइंगच्या विद्यार्थ्यासाठी फिटचे, म्हणजे शाफ्ट भोकात कसा बसतो त्याचे, इंटरफेरन्स, क्लिअरन्स आणि ट्रान्झिशन हे तीन प्रकार मराठीत आणताना पहिली चूक शब्दकोशामुळे होते. ‘इंटरफेरन्स’ला तिथे ‘हस्तक्षेप’ सापडतो, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘व्यतिकरण’. पण इथे ना कोणी मध्ये पडतंय, ना प्रकाशलहरी मिसळताहेत. इथे शाफ्ट भोकापेक्षा मापाने जाड आहे, एवढंच. म्हणून ‘घट्ट बैठक’ हा साधा शब्द चांगला. ‘दाबबैठक’ मात्र टाळावा, कारण अशी जोडी नेहमी दाबूनच बसवतात असं नाही; भोकाचा भाग तापवूनही बसवतात. क्लिअरन्ससाठी ‘मोकळी बैठक’ म्हणावं. ‘सूट’ शब्द नको, कारण विद्यार्थी त्याची टॉलरन्सशी, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाशी, गल्लत करतो.

खरी अडचण ट्रान्झिशनची आहे. ‘संक्रमण’ किंवा ‘मध्यम बैठक’ वाचल्यावर विद्यार्थ्याला वाटतं, ही थोडी घट्ट, थोडी सैल अशी मधली पकड असेल. प्रत्यक्षात हातात आलेली प्रत्येक जोडी एकतर मोकळी निघते, नाहीतर घट्ट. कोणती, ते ड्रॉइंगवरून ठरत नाही.

25 मिमीचं उदाहरण घेऊ. H7, k6 ही चिन्हं माप कुठून कुठपर्यंत चालेल ते सांगतात. H7 भोक 25.000 ते 25.021 मिमी. k6 शाफ्ट 25.002 ते 25.015 मिमी. आता दोन वजाबाक्या करायच्या. सर्वात लहान भोकातून सर्वात जाड शाफ्ट वजा केला की येतात उणे 15 मायक्रॉन. सर्वात मोठ्या भोकातून सर्वात बारीक शाफ्ट वजा केला की अधिक 19. एक उत्तर उणे, दुसरं अधिक, म्हणजे ट्रान्झिशन. त्याच भोकात g6 शाफ्ट (24.980 ते 24.993) घातला तर अधिक 7 आणि अधिक 41 येतात, म्हणजे मोकळी बैठक. p6 शाफ्टला (25.022 ते 25.035) उणे 35 आणि उणे 1, म्हणजे घट्ट.

शेवटचा आकडा नीट पाहावा. उणे 1 मायक्रॉनची जोडीही ‘घट्ट’च्या घरात मोडते, पण तिची पकड जवळपास नाहीच. म्हणजे ‘घट्ट’ हे वर्गाचं नाव आहे, ताकदीचं माप नव्हे.

म्हणून ट्रान्झिशनला आम्ही ‘दुतर्फी बैठक’ म्हणू: वजाबाकी शून्याच्या दोन्ही बाजूंना जाते, हे नावातच येतं. ‘मध्यम’ शब्दाने होणारं नुकसान कागदापुरतं राहत नाही. H7/k6 ने बसवलेल्या गिअरला पुरेशी पकड आहे असं समजून विद्यार्थी चावी, म्हणजे गिअर आणि शाफ्ट एकमेकांत अडकवणारी पट्टी, काढून टाकतो. मग 19 मायक्रॉन मोकळी निघालेली जोडी भार येताच शाफ्टवर घसरून फिरते. दुतर्फी बैठक भाग मध्यावर धरते. फिरवण्याचा जोर चावीनेच वाहायचा असतो.

आणखी एक खबरदारी. ‘भोक’ आणि ‘शाफ्ट’ हे शब्द इथे गोल भागांपुरते नाहीत. चावीचा खाचा हेही भोकच, आणि त्यात बसणारी चपटी चावी हा शाफ्ट. पहिल्याच धड्यात हे सांगितलं नाही, तर खाच्याच्या रुंदीवरचं टॉलरन्स पाहून मुलं गोंधळतात. H7/k6 सारखी चिन्हं मात्र कधीच भाषांतरित करू नयेत. मोठं अक्षर भोकाचं, लहान शाफ्टचं, ही खूण देवनागरीत पुसली जाते.