तुमच्या नावाची पोस्ट, तुमच्याच बोलण्यातून

हे पत्रक अशा संस्थापिकांसाठी आहे ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, पण लिहायला बसायला वेळ नाही. आम्ही त्यांच्यासाठी लिंक्डइनच्या पोस्ट लिहितो. पोस्ट त्यांच्या नावाने जाते, आमचं नाव कुठेच येत नाही. त्यामुळे ती वाचताना त्यांच्या टीममधल्या माणसाला, जुन्या ग्राहकाला किंवा भावाला "हे तिचंच आहे" असं वाटलं पाहिजे. ते कसं साधतं आणि कुठे फसतं, हे काम सुरू करण्याआधी तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे लिहिलं आहे.

आम्ही प्रश्न कसे विचारतो

दर पंधरा दिवसांनी आपण साधारण चाळीस मिनिटं फोनवर बोलतो. ते बोलणं तुमच्या परवानगीने रेकॉर्ड होतं आणि त्यातून तीन किंवा चार पोस्ट निघतात. या चाळीस मिनिटांत आम्ही मत विचारत नाही. "नेतृत्वाबद्दल तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की कोणीही माणूस भाषणाच्या सुरात जातो आणि त्या सुरात सगळी माणसं सारखीच बोलतात. आम्ही विचारतो, "या आठवड्यात कोणाला नाही म्हणालात? नेमक्या कुठल्या शब्दांत?" किंवा "तो फोन ठेवल्यावर पहिलं काय केलंत?" घडलेलं सांगताना माणूस स्वतःच्या भाषेत येतो. सुरुवातीची दहा मिनिटं बहुतेक वेळा वायाच जातात. ती आम्ही धरूनच चालतो.

रेकॉर्डिंग आम्ही कानाने ऐकून हाताने उतरवतो. अडखळणं, "म्हणजे", "ना", अर्धवट सोडलेलं वाक्य, सगळं तसंच ठेवतो. उतरवतानाच साफसफाई केली, तर जे शोधायचं तेच पुसलं जातं.

आवाजाचं टिपण

पहिल्या दोन संभाषणांनंतर आम्ही तुमच्या बोलण्याचं एक पानाचं टिपण करतो आणि तुम्हाला दाखवतो. तुम्ही वाक्य कशाने सुरू करता, एका वाक्यात साधारण किती बोलता, जोर द्यायला काय वापरता, कुठला शब्द तुमच्या तोंडात कधीच येत नाही, हे त्यात असतं.

मराठीत आवाज बऱ्याचदा अगदी बारीक जागी असतो. "केले" आणि "केलं" यांत फरक एवढाच की मात्रेच्या जागी अनुस्वार येतो, पण "केले" वाचलं की कानाला लेख ऐकू येतो आणि "केलं" वाचलं की माणूस. शब्दांचा क्रमही तसाच. लिहिताना आपण "मी त्यांना सांगितलं" म्हणतो, बोलताना सहज "मी सांगितलं त्यांना" होतं. स्वतःशी केलेला विचार काही जणी "मला वाटलं" म्हणून सांगतात, काही जणी "म्हटलं, बघू" म्हणतात. दुसऱ्या प्रकारच्या बाईच्या पोस्टमध्ये "मी विचार केला की" आलं, तर तिथेच आवाज तुटतो.

"आपण" आणि "आम्ही" हा आमच्या कामातला सगळ्यांत नाजूक भाग आहे. टीमशी बोलायची सवय असलेली संस्थापिका कंपनीबद्दल "आपण हे उशिरा केलं" असं म्हणते. ते पोस्टमध्ये जसंच्या तसं ठेवलं, तर बाहेरच्या वाचकाला वाटतं त्यालाही चुकीत ओढलंय. म्हणून तिथे "आम्ही" करावं लागतं. तिच्या तोंडातला शब्द जाणूनबुजून बदलावा लागतो अशी ही एक जागा. तो बदल आम्ही मसुद्यात खूण करून दाखवतो.

एक पोस्ट, सुरुवातीपासून

आमच्या एका ग्राहक संस्थापिकेची कंपनी लहान कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवते. तिच्या परवानगीने तिच्या पहिल्या महिन्यातली एक पोस्ट इथे उलगडून दाखवतो. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणाली होती:

"नाही म्हणजे, त्यांनी बंद केलं ना, तर मला वाटलं किंमत. सगळे किंमतच म्हणतात. म्हटलं, विचारू तरी. फोन केला. तर ते म्हणाले, मॅडम, सॉफ्टवेअर चांगलं आहे हो, पण आमच्या बाई ते उघडतच नाहीत. उघडतच नाहीत! म्हटलं, मी येऊन बसू का त्यांच्या शेजारी? आणि गेले. म्हणजे दिवसभर बसले. तर त्या बाई सकाळी आल्या आल्या एकच गोष्ट बघतात, कोणाकडून किती यायचंय. आणि आपण ती ठेवलीये चौथ्या स्क्रीनवर. चौथ्या! त्या वहीत बघत होत्या. मी पण वहीतच बघितलं असतं."

यावरून आम्ही केलेला पहिला मसुदा असा होता:

"ग्राहक आपल्याला सोडून का जातो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एक महत्त्वाचा धडा मिळाला. एका ग्राहकाने आमचे सॉफ्टवेअर बंद केल्यानंतर मी त्यांच्या कार्यालयात दिवसभर बसून निरीक्षण केले. वापरणाऱ्या व्यक्तीला सर्वाधिक गरजेची माहिती चौथ्या स्क्रीनवर असल्याचे लक्षात आले. वापरणाऱ्याच्या नजरेतून पाहणे, हीच खरी ग्राहकसेवा."

तिने उत्तर पाठवलं, "छान आहे, पण मी असं बोलत नाही." तिचं बरोबर होतं. एकही तपशील खोटा नव्हता, तरी ती त्यात कुठेच नव्हती. "दिवसभर बसले" याचं आम्ही "निरीक्षण केले" करून टाकलं होतं. तिच्या बोलण्यात बाई होत्या, आमच्या मसुद्यात "वापरणारी व्यक्ती" उरली. आणि शेवटी तिने न काढलेलं तात्पर्य आम्ही तिच्या तोंडी घातलं होतं. ती तर वहीवर थांबली होती.

दुसरा मसुदा:

"त्यांनी आमचं सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा मला वाटलं, किंमत. सगळे किंमतच सांगतात.

म्हटलं, विचारू तरी. फोन केला.

ते म्हणाले, सॉफ्टवेअर चांगलं आहे हो, पण आमच्या बाई ते उघडतच नाहीत.

मी जाऊन त्यांच्या शेजारी दिवसभर बसले. त्या सकाळी आल्या आल्या एकच गोष्ट बघतात: कोणाकडून किती यायचंय. आम्ही ती ठेवली होती चौथ्या स्क्रीनवर. त्या वहीत बघत होत्या.

मी पण वहीतच बघितलं असतं."

बोलण्यातलं सगळंच इथे आलेलं नाही, हे बघा. "म्हणजे" दोनदा होतं, दोन्ही गेले. "तर" तीनदा होतं, तेही गेलं. "उघडतच नाहीत!" आणि "चौथ्या!" हे दोन्ही पुनरुच्चार ऐकताना छान वाटतात, कारण आवाज चढतो. कागदावर आवाज चढत नाही, तिथे ते ओरडल्यासारखे दिसतात. म्हणून बोललेलं जसंच्या तसं छापणं हाही उपाय नाही. राहिलं ते "म्हटलं", "हो", आखूड वाक्यं आणि क्रियापद आधी आणणारं "ठेवली होती चौथ्या स्क्रीनवर". एवढ्यानेही ती ओळखू येते.

सुरुवातही मुद्दाम तीच ठेवली. लिंक्डइनवर पोस्टच्या पहिल्या काही ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर दुमडलेला असतो. वाचकाने तो उघडावा म्हणून प्रश्न टाकायचा मोह होतो. पण ही संस्थापिका बोलताना प्रश्नाने सुरुवात करत नाही, ती घडलेल्या गोष्टीच्या मधोमध शिरते.

मग पोस्ट मोठ्याने वाचून बघायला आम्ही तिला सांगितलं. हे आम्ही प्रत्येक पोस्टला सांगतो, आणि वाचताना फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगतो. जिथे जीभ अडखळते, किंवा डोळ्यांसमोर एक शब्द असताना तोंडातून दुसराच येतो, तिथे चूक आमची. तिने "सगळे किंमतच सांगतात" हे "सगळे किंमतच म्हणतात" असं वाचलं. तिला कळलंही नाही. आम्ही तो शब्द परत बदलला.

आम्ही विचारलं, ते ग्राहक परत आले का? ती म्हणाली, "नाही, अजून नाही." आम्हाला ते गाळायचं होतं. तिने एक ओळ स्वतः लिहून शेवटी जोडली: "ती यादी आता पहिल्या स्क्रीनवर आहे. ते परत आले नाहीत अजून." पोस्ट तशीच गेली, आणि आमच्या मते तीच ओळ सगळ्यांत जास्त तिची होती.

तीन महिन्यांनी काय बिघडतं

टिपण जितकं चांगलं, तितका एक धोका मोठा. लिहिणारा त्यातल्या लकबी दरवेळी वापरायला लागतो. "म्हटलं, विचारू तरी" एकदा आवडतं. तेच चौथ्यांदा आलं की ती त्या बाईची नक्कल वाटते. म्हणून आम्ही मागच्या दहा पोस्ट शेजारी शेजारी ठेवून पहिली आणि शेवटची ओळ तपासतो. दोन सुरुवाती सारख्या दिसल्या, तर एक बदलतो. टिपण दर तीन महिन्यांनी नव्या रेकॉर्डिंगवरून पुन्हा करतो, कारण माणसाचं बोलणंही बदलतं.

दुसरा बिघाड उलटा असतो. हळूहळू आमच्या सवयी तुमच्या पोस्टमध्ये शिरतात. प्रत्येक गोष्टीचे तीन मुद्दे निघणं, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी सुविचार येणं, ही त्याची लक्षणं. तुम्ही मसुद्यात काहीच बदल करत नाही असं दोन-तीन वेळा झालं, तरी आम्हाला काळजी वाटते. बहुतेक वेळा याचा अर्थ तुम्ही वाचायचं सोडलं आहे असा असतो, आणि मग आम्ही एक फोन जास्तीचा लावतो.

जे आम्ही लिहीत नाही

न घडलेला प्रसंग आम्ही लिहीत नाही, कितीही शोभला तरी. दोन ग्राहक मिळून एक करणं, संवाद रचणं, तारीख सरकवणं, यातलं काहीही नाही. आकडा तुमच्याकडून लेखी आल्याशिवाय पोस्टमध्ये जात नाही. ग्राहकाची किंवा कर्मचाऱ्याची गोष्ट असेल, तर त्यांना आधी विचारायचं काम तुमचं, आणि ते झालं का हे विचारायचं काम आमचं.

पोस्टखालच्या प्रतिक्रियांना उत्तरं आणि खासगी निरोप तुम्हीच द्यायचे. तिथे समोरच्याला तुम्ही हव्या असता. कोणाला कामावरून कमी करावं लागलं, टीमची माफी मागायची आहे, कोणी गेलं आहे, अशा वेळी तुम्ही स्वतः लिहा. हवं तर आम्ही फक्त शुद्धलेखन बघू.

रेकॉर्डिंग पोस्ट प्रसिद्ध झाल्यावर आम्ही पुसून टाकतो. टिपण तुमचं असतं. उद्या तुम्ही स्वतः लिहायला लागलात किंवा दुसऱ्या कोणाकडे गेलात, तर ते बरोबर न्या.

पहिल्या भेटीला वेगळी तयारी करून येऊ नका. तुमचे जुने लेख किंवा मुलाखती आम्हाला फारशा उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांवर आधीच कोणीतरी हात फिरवलेला असतो. त्याऐवजी गेल्या महिन्यात सहकाऱ्यांना पाठवलेले पाच-सहा आवाजी निरोप शोधून ठेवा, त्यात कोणाची खासगी गोष्ट नसेल असे. गाडीत बसल्या बसल्या, घाईत, कोणालातरी काहीतरी समजावताना पाठवलेले असतील तर उत्तम.