टीव्हीची झिणझिण आणि टीव्हीचा शॉक

टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लागला, मुंग्या आल्या, टेस्टर लावला, दिवा लागला. लगेच निदान होतं: "बॉडी शॉर्ट आहे." हे निदान इतक्यांदा ऐकलंय की आता नीट लिहायलाच हवं. टेस्टर दोन अगदी वेगळ्या गोष्टींना सारखाच पेटतो.

शॉक सगळ्यांना माहीत आहे. आतली फेजची वायर कुठेतरी सोलली आणि पत्र्याला चिकटली, की पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. मागे सगळी लाइन उभी असते, त्यामुळे शरीरातून वाट मिळेल तितका करंट जातो. हा बिघाड आहे आणि जीवघेणा आहे.

झिणझिण मात्र टीव्ही धडधाकट असतानाही येते. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. गाळलेला खरखराट अर्थच्या वायरने निघून जावा, अशी ती रचना आहे. सॉकेटमधली अर्थची वायरच नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लटकतो आणि त्यावर साधारण निम्मे, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्ट दिसतात.

सगळा घोळ इथे होतो. व्होल्ट दिसले म्हणजे धोका, असं आपण धरून चालतो. पण त्या व्होल्टमागे किती करंट येऊ शकतो, हे बघायला हवं. असा कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्टला त्यातून जेमतेम ०.१६ मिलीअँपियर जातो. सेट टॉप बॉक्स आणि साउंडबारचा करंट एचडीएमआयच्या धातूच्या आवरणातून त्याच पत्र्यावर आला, तर बेरीज अर्ध्या मिलीअँपियरपर्यंत जाते आणि बोटांना चुणचुण कळते. टेस्टरच्या निऑनला तर याहूनही कितीतरी कमी पुरतो. म्हणून टेस्टरवरून निदान करणारा वायरमन मला नको असतो.

आमच्या शेजारी असंच झालं. भिंतीवरच्या तीन पिनच्या टीव्हीची कड पुसताना अनवाणी पायांनी मुंग्या यायच्या. डिजिटल मल्टिमीटरने पत्रा आणि किचनच्या चांगल्या अर्थमध्ये ९६ व्होल्ट दाखवले. मग जाणत्या वायरमनने त्याच दोन टोकांत १५ वॅटचा बल्ब लावला. बल्ब लागला नाहीच, मीटरवरचे व्होल्टही कोसळले. खरा बिघाड असता तर बल्ब पेटला असता किंवा बोर्डातला, करंट अर्थकडे गळताच लाइन तोडणारा आरसीसीबी पडला असता. (ही चाचणी घरी करू नका, त्याच्याकडूनच करून घ्या.) सॉकेट उघडलं, तर वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. बोर्डापासून हिरवी वायर ओढल्यावर पत्र्यावर एक व्होल्टसुद्धा उरला नाही, कारण तो इवलासा करंट आता शरीराऐवजी तांब्यातून जातो.

पण अर्थिंगचं मोठं काम दुसऱ्या प्रसंगी असतं. उद्या खरंच फेज पत्र्याला चिकटली, तर अर्थमधून मोठा करंट धावतो आणि एमसीबी पडतो. जमिनीतला खड्डा कोरडा पडून अर्थ कमकुवत झाला असेल, तर तेवढा करंट धावेलच असं नाही. म्हणून ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी हवाच. झिणझिणीने तो पडत नाही. तरीही झिणझिण दुर्लक्षायची नाही, कारण तीन पिनच्या टीव्हीला ती येते म्हणजे या मोठ्या प्रसंगासाठीचा अर्थ जागेवर नाही.

आता मला सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट. त्या घरी आधी आलेल्या एकाने सुचवलं होतं की सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला वायरचा तुकडा मारू. झिणझिण लगेच थांबते, म्हणून लोक खूशही होतात. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर फेज चालू उपकरणांमधून फिरून त्या तुकड्यावाटे थेट पत्र्यावर येते. एमसीबी पडत नाही. निरुपद्रवी मुंग्या घालवायला आपण खरा शॉक घरात आणलेला असतो. असा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढायला लावा.

दोन पिनचा टीव्ही असेल, तर सॉकेटचा अर्थ कितीही चांगला असो, त्याच्यापर्यंत पोचतच नाही. अशा टीव्हीला डबल इन्सुलेशन असतं. त्याची हलकी चुणचुण चालते. एचडीएमआयने अर्थ असलेला डेस्कटॉप जोडला की तीही जाते.

आणि टीव्हीचा प्लग काढूनही मुंग्या येत असतील, तर करंट केबलवाल्याच्या वायरमधून किंवा जोडलेल्या दुसऱ्या उपकरणातून येतोय. केबलच्या वायरमागे इमारतीतल्या अँप्लिफायरचा बिघाड असू शकतो, आणि तिथून किती करंट येईल याला कपॅसिटरची मर्यादा नाही. त्या वायरला हात न लावता आधी केबलवाल्याला बोलवा.