पाहुण्यांची ओळख: "विषय काय आहे" आणि "विषय कशाला ऐकायचा"

टेक्निकल विषयावर बोलायला कोणी येणार असेल तर ओळख करून देणारा माणूस आधी विषयाबद्दल एक वाक्य बोलतो. ते वाक्य दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही कानाला सारखीच वाटतात, म्हणून गडबड होते. माझी झाली होती.

परळला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर एका रिटायर्ड इंजिनियर सरांचं भाषण होतं. मी माइक घेऊन म्हणालो, "आजचा विषय आहे मुंबईतील पर्जन्यजल वाहिन्या आणि उदंचन केंद्रे, अत्यंत महत्त्वाचा आणि आपल्या जिव्हाळ्याचा विषय." मला वाटलं महत्त्व सांगून झालं. पहिल्या रांगेतले एक काका शेजारच्यांना हळूच विचारत होते, "उदंचन म्हणजे काय हो?" उदंचन केंद्र म्हणजे साधं पंपिंग स्टेशन, पण महापालिकेच्या कागदावरचा शब्द मी तसाच उचलला होता.

महिनाभराने तेच सर आमच्या सोसायटीत आले. या वेळी मी म्हणालो, "मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यावरचं पाणी आपोआप समुद्रात जाऊ शकत नाही, म्हणून हिंदमाताला पाणी भरतं आणि आपण ऑफिसातून घरी पोचत नाही." बास, एवढंच.

पहिलं वाक्य म्हणजे नुसती पाटी, त्यावर "महत्त्वाचा" असा शिक्का मारलेला. दुसऱ्यात कोणाचं, कुठे आणि कधी अडतं ते आहे. फरक ओळखायचा असेल तर वाक्य म्हणून झालं की स्वतःलाच विचारायचं, "बरं मग?" पहिल्यानंतर हा प्रश्न तसाच उरतो, दुसऱ्यानंतर ऐकणाऱ्याच्या मनात वेगळाच प्रश्न येतो, "मग यावर करतात काय?" आणि तो सरांसाठीच असतो. अजून एक खूण म्हणजे "महत्त्वाचा आणि जिव्हाळ्याचा" हे शब्द उद्या डायबिटीसच्या भाषणालाही चालतील, हिंदमाताचं वाक्य दुसरीकडे कुठेच चालणार नाही.

हे वाक्य घरी बसून सुचत नाही, वक्त्यालाच फोन करावा लागतो. पहिल्या वेळी मी सरांकडून फक्त बायोडेटा मागवला होता. दुसऱ्या वेळी दोन दिवस आधी फोन करून विचारलं, "सर, हे पंप नसते तर कोणाचं काय अडलं असतं?" मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं, की नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात, त्यातली बरीचशी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असेल तर तो दिवस काळजीचा, समुद्र उलटा आत येऊ नये म्हणून जिथे दारं बसवलीत तिथे ती बंद ठेवायची आणि दारं बंद असताना पडलेला पाऊस बाहेर काढायचा तर पंप हवेतच. मला मोह झाला होता की हे सगळंच बोलावं. पण दारं आणि पंप ही तर त्यांच्या भाषणाची गोष्ट, ती मीच सांगितली असती तर त्यांची पहिली दहा मिनिटं गेली असती. म्हणून मी अडचणीपाशी थांबलो, उपाय त्यांच्यासाठी ठेवला.

आणि वाक्य त्यांना फोनवर वाचून दाखवलं ते फार बरं झालं. माझ्या पहिल्या कच्च्या वाक्यात 26 जुलै 2005 होतं आणि "पुन्हा मुंबई बुडू नये म्हणून" असं होतं. सर म्हणाले, "अहो, त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेवढ्यासाठी हे पंप नाहीत, असं बोललात तर मला आधी ते खोडावं लागेल." भीती घातली की लोक कान टवकारतात खरं, पण वक्त्याला पेलणार नाही असं वचन आपण त्याच्या नावाने देऊन बसतो.

समोर कोण बसलंय त्यावरही वाक्य बदलतं. समोर ड्रेनेजचेच इंजिनियर असते तर हिंदमाताला पाणी भरतं हे त्यांना मी काय सांगणार! तिथे म्हणालो असतो, "जुने नाले ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेत आणि आता पाऊस तासाभरात त्याच्या दुप्पटही पडतो."

वाक्य झालं की मी एक श्वास थांबलो, मग विषयाचं नाव घेतलं, मग सरांच्या बायोडेटातलं फक्त नाल्यांवरच्या कामाचं, दोन ओळीत, पुरस्कार वगैरे सगळं बाजूला ठेवून, आणि नाव सगळ्यात शेवटी, म्हणजे टाळ्या त्यांच्या नावावर पडतात. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. सर उठून माइकपाशी येईपर्यंत मागून एक ताई विचारूनही मोकळ्या झाल्या, "मग भरती उतरेपर्यंत ते पाणी जातं तरी कुठे?"